डीपासून टी फ्लिप-फ्लॉप: एक्सॉर कुठून येतो आणि रीसेट का चुकवता येत नाही

प्रश्न: "डी फ्लिप-फ्लॉपपासून टी फ्लिप-फ्लॉप बनवायचा आहे. कॅरेक्टरिस्टिक समीकरण आणि एक्सायटेशन टेबल दोन्ही वापरून दाखवा असं सांगितलंय. पण कुठलं टेबल कुणाचं घ्यायचं, यात दर वेळी घोळ होतो. शिवाय Q-बार सरळ D ला जोडला तरी टॉगल होतंच, मग एक्सॉर कशाला? आणि सिम्युलेशनमध्ये माझं आउटपुट शेवटपर्यंत x च राहतं."

उत्तर:

आधी टेबलांचा घोळ सोडवू, कारण एकदा तो सुटला की बाकीचं गणित चार ओळींचं आहे.

रूपांतर करताना आपल्यासमोर दोन फ्लिप-फ्लॉप असतात. एक हातात असलेला, म्हणजे डी. दुसरा हवा असलेला, म्हणजे टी. दोघांना आपण वेगवेगळे प्रश्न विचारतो. टीला विचारायचं, "आत्ता तू या स्थितीत आहेस आणि इनपुट हे आहे, तर क्लॉकनंतर कुठे जाशील?" याचं उत्तर टीच्या कॅरेक्टरिस्टिक टेबलात असतं. मग डीकडे वळायचं आणि विचारायचं, "तुला इथून तिथे न्यायचं आहे, तर तुझ्या इनपुटला काय देऊ?" याचं उत्तर डीच्या एक्सायटेशन टेबलात असतं. हव्या असलेल्याचं वागणं आणि हातातल्याची गरज, एवढं लक्षात ठेवा. टीचं एक्सायटेशन टेबल या कामात लागतच नाही, आणि नेमकं तेच बरेच जण आधी लिहून मोकळे होतात.

आता समीकरणाची वाट. क्लॉकची एज येण्याआधीच्या स्थितीला `Qn` म्हणू आणि एज येऊन गेल्यानंतरच्या स्थितीला `Qn+1`. डी फ्लिप-फ्लॉप एजच्या क्षणी इनपुटवर जे असेल ते उचलतो, जुनी स्थिती काय होती याची त्याला पर्वा नसते:

```
Qn+1 = D
```

टी फ्लिप-फ्लॉपला `T=0` दिला तर तो आहे तसाच राहतो, `T=1` दिला तर उलटतो. "०शी एक्सॉर केलं तर तेच, १शी एक्सॉर केलं तर उलट" हा एक्सॉरचा स्वभावच आहे, म्हणून:

```
Qn+1 = T'·Qn + T·Qn' = T ⊕ Qn
```

आपल्याला हवंय की बाहेरून पाहणाऱ्याला आतला डी दिसूच नये, त्याला टी दिसावा. म्हणजे दोन्ही समीकरणांतला `Qn+1` प्रत्येक एजला एकच असला पाहिजे. डाव्या बाजू सारख्या, तर उजव्याही सारख्या:

```
D = T ⊕ Qn
```

संपलं. डीच्या समीकरणात `Qn+1` एकटाच बसलेला असल्यामुळे सोडवण्यासारखं काही उरत नाही. हातात दुसरा कुठलाही फ्लिप-फ्लॉप असता, तर इथे खरंच समीकरण सोडवावं लागलं असतं.

टेबलाची वाट तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. `T` आणि `Qn` यांच्या चार जोड्या लिहा, टीच्या नियमाने `Qn+1` भरा, आणि मग प्रत्येक ओळीत फक्त `Qn` आणि `Qn+1` हे दोन रकाने पाहून डीच्या एक्सायटेशन टेबलातून `D` उचला. डीचं एक्सायटेशन टेबल पाठ करायची गरज नाही. पुढे जे हवं तेच इनपुटला द्यायचं, म्हणून `D` चा रकाना `Qn+1` ची हुबेहूब नक्कल असतो.

```
T   Qn   Qn+1    D
0   0     0      0    धरून ठेवा
0   1     1      1    धरून ठेवा
1   0     1      1    उलटवा
1   1     0      0    उलटवा
```

`D` साठी दोन चलांचा के-मॅप काढला तर दोन एक कर्णावर येतात, शेजारी शेजारी येत नाहीत. त्यामुळे गट पडत नाही, पद लहान होत नाही, आणि `D = T'·Qn + T·Qn'` असंच राहतं. म्हणजे एक्सॉर. के-मॅपमध्ये गट पडला नाही की मुलं आपलं काहीतरी चुकलं असं समजून पुन्हा टेबल तपासत बसतात. इथे चुकलेलं नाही. `D` ठरवताना `T` पण लागतो आणि `Qn` पण लागतो, कुठल्याच चौकटीत त्यातला एक गाळता येत नाही, एवढंच तो कर्ण सांगतोय. ही गोष्ट मनात ठेवा, x चं कोडं सोडवताना तीच कामाला येईल.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. पण एक सावधगिरीची सूचना देतो, कारण या उदाहरणात चूक लपून राहते. समजा तुम्ही भूमिका उलट्या केल्या: डीचं कॅरेक्टरिस्टिक टेबल घेतलं आणि टीचं एक्सायटेशन टेबल लावलं. मग उत्तर येईल `T = D ⊕ Qn`. हे टीपासून डी बनवण्याचं उत्तर आहे, तुम्हाला विचारलेलं नाही. पण एक्सॉरचा गुण असा की `D = T ⊕ Qn` च्या दोन्ही बाजूंना `Qn` ने एक्सॉर केलं की `T = D ⊕ Qn` मिळतंच. त्यामुळे चुकीच्या वाटेने गेलात तरी आकृतीत तेच एक्सॉर गेट आणि तोच फीडबॅक येतो, फक्त इनपुटांची नावं बदलतात. उत्तर बरोबर दिसतं आणि घोळ तसाच राहतो.

तो घोळ जेके आला की उघडा पडतो. डीपासून जेके हवा असेल तर `D = J·Qn' + K'·Qn`, म्हणजे दोन अँड, एक ऑर आणि `K` साठी एक इन्व्हर्टर. भूमिका उलटल्या तर मिळतं `J = D`, `K = D'`, म्हणजे फक्त एक इन्व्हर्टर. या दोन आकृत्यांत काहीच साम्य नाही. म्हणून आपली पद्धत बरोबर आहे का हे टीवर तपासू नका, जेकेवर तपासा. `J` आणि `K` इनपुट असलेली आठ ओळींची यादी केली, आणि शेवटचा रकाना एकाच `D` चा निघाला, तर वाट बरोबर.

आता Q-बार सरळ D ला जोडण्याबद्दल. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. `D = T ⊕ Qn` मध्ये `T` कायमचा १ ठेवला तर `D = Qn'` उरतो. म्हणजे Q-बारचा फीडबॅक हा टी फ्लिप-फ्लॉपच, फक्त त्याचा `T` वर खिळवून टाकलेला. प्रत्येक एजला तो उलटतो. १ किलोहर्ट्झचा क्लॉक दिला तर ५०० हर्ट्झ मिळतात, आणि मूळ क्लॉकची नाडी कितीही अरुंद असली तरी आउटपुट निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली असतं, कारण फक्त चढती एजच मोजली जाते. फ्रिक्वेन्सी निम्मी करायची असेल तर एवढंच पुरे, एक्सॉर लावू नका.

पण टी फ्लिप-फ्लॉपचं अर्धं काम थांबण्याचं आहे. काउंटरमधली दुसरी बिट पहिली १ असेल तेव्हाच उलटायला हवी, एरवी स्वस्थ बसायला हवी. ते थांबणं कुठून आणणार? इथे बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे Q-बारचा फीडबॅक तसाच ठेवायचा आणि क्लॉक एका अँड गेटमधून, `T` बरोबर, आत सोडायचा. `T=0` असेल तर क्लॉक पोचणार नाही, म्हणून फ्लिप-फ्लॉप थांबेल. कागदावर ठीक वाटतं. क्लॉक वर असताना `T` ० वरून १ वर गेला तर काय होतं ते बघा. अँड गेटचं आउटपुट त्या क्षणी वर जातं. फ्लिप-फ्लॉपच्या दृष्टीने ही चढती एजच आहे, आणि तो तिथेच उलटतो, क्लॉकची एज केव्हाच होऊन गेलेली असताना. त्याच वरच्या अर्ध्यात `T` पुन्हा खाली येऊन वर गेला तर आणखी एकदा उलटतो. आपण `T` ला "परवानगी" म्हणून जोडलं, पण त्याचा क्लॉक झाला.

एक्सॉरच्या जोडणीत क्लॉकला हातच लावलेला नाही. दोन एजच्या मधल्या काळात `T` ने किती उड्या मारल्या याने काही बिघडत नाही, एजच्या आसपास तो काय होता तेवढंच मोजलं जातं. म्हणून थांबवायचं असेल तर क्लॉक अडवायचा नाही, `D` वर जुनीच किंमत पुन्हा ठेवायची. `T=0` असताना `D = Qn` होतो, म्हणजे फ्लिप-फ्लॉप प्रत्येक एजला स्वतःचीच किंमत पुन्हा वाचून ठेवतो. बाहेरून तो थांबलेला दिसतो.

हे एकदा हाताने चालवून बघा. सुरुवात `Q=0`, आणि सात एजना `T` अनुक्रमे 1, 1, 0, 1, 0, 0, 1:

```
एज    T   Qn   D = T⊕Qn   Qn+1
1     1   0       1         1
2     1   1       0         0
3     0   0       0         0
4     1   0       1         1
5     0   1       1         1
6     0   1       1         1
7     1   1       0         0
```

तपासायची सोपी खूण अशी: `T=1` असलेल्या एज मोजा. इथे त्या चार आहेत, सम, म्हणून शेवटी `Q` सुरुवातीच्याच जागी म्हणजे ० वर आला. विषम असत्या तर उलट आला असता. टी फ्लिप-फ्लॉप म्हणजे आलेल्या एकांची पॅरिटी जपणारी एक बिट, असंही म्हणता येईल.

ब्रेडबोर्डवर हे करायला 74HC74 आणि 74HC86 अशा दोन आयसी पुरतात. पहिल्यात चढत्या एजवर चालणारे दोन डी फ्लिप-फ्लॉप आहेत, दुसऱ्यात चार एक्सॉर गेट्स. 86 च्या पिन १ वर `T` द्या. 74 च्या पिन ५ वरचा `Q` आणून 86 च्या पिन २ वर द्या. 86 ची पिन ३ हे एक्सॉरचं आउटपुट, ते 74 च्या पिन २ वर, म्हणजे `D` वर. क्लॉक 74 च्या पिन ३ वर. दोन्ही आयसींना पिन १४ वर ५ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड, आणि त्या दोन पिनांच्या मध्ये जमेल तितका जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

उरल्या 74 च्या पिन ४ आणि पिन १, म्हणजे प्रीसेट आणि क्लिअर. या दोन्ही खालच्या पातळीवर काम करतात, म्हणून वापरायच्या नसतील तेव्हा त्या वर बांधाव्या लागतात. प्रीसेट सरळ ५ व्होल्टला जोडा. क्लिअर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडा आणि तिथून ग्राउंडकडे एक पुश बटण ठेवा. न वापरलेल्या एक्सॉर गेट्सची इनपुट्स ग्राउंडला, आणि दुसऱ्या अर्ध्या फ्लिप-फ्लॉपचे `D` व क्लॉक ग्राउंडला, त्याचे प्रीसेट-क्लिअर ५ व्होल्टला. सीमॉसची इनपुट पिन मोकळी सोडली तर ती हवेतला सिग्नल पकडते. माझ्यासमोर एकदा असा बोर्ड आला होता की विद्यार्थ्याने वायर नीट करायला हात जवळ नेला की `Q` शून्य व्हायचा आणि हात बाजूला केला की पुन्हा चालायला लागायचा. त्याने दोन आयसी बदलून पाहिल्या होत्या. पिन १ कुठेच जोडलेली नव्हती.

74 ऐवजी 4013 वापरणार असाल तर उलटं ध्यानात ठेवा. त्याचे सेट आणि रीसेट वरच्या पातळीवर काम करतात, म्हणून न वापरल्यास ते ग्राउंडला जातात. 74 ची सवय ठेवून ते ५ व्होल्टला बांधले तर `Q` आणि Q-बार दोन्ही वर अडकून बसतात. दोन्ही आउटपुट एकाच वेळी १ दिसली की क्लॉककडे न बघता आधी सेट-रीसेट तपासा.

फीडबॅक `Q` ऐवजी Q-बारवरून घेतला, म्हणजे चुकून पिन ६ वरून, तर सर्किट बंद पडत नाही. ते उलट्या अर्थाने चालतं: `T=0` असताना उलटतं आणि `T=1` असताना थांबतं, कारण Q-बारशी एक्सॉर म्हणजे `Q` शी एक्सनॉर. हे लक्षण दिसलं तर गेट बदलू नका, एक वायर पिन ६ वरून पिन ५ वर हलवा.

आता तुमचा x. हा सिम्युलेटरचा दोष नाही, तो खरं बोलतोय.

असं समजा की एकसारखे दोन टी फ्लिप-फ्लॉप आहेत, दोघांना एकच क्लॉक आणि एकच `T`. पहिला ० पासून सुरू झाला, दुसरा १ पासून. वरची सात एजची मालिका दोघांना द्या. पहिला 0, 1, 0, 0, 1, 1, 1, 0 असा जाईल. दुसरा 1, 0, 1, 1, 0, 0, 0, 1 असा. कुठल्याही क्षणी ते एकमेकांच्या उलट. `T=0` दिला तर दोघे थांबतात, फरक राहतो. `T=1` दिला तर दोघे उलटतात, फरक तरीही राहतो. सात काय, सात लाख एज दिल्या तरी दोघे एकत्र येणार नाहीत. याचा अर्थ, सुरुवात माहीत नसेल तर `T` ची अशी कुठलीच मालिका नाही जी या फ्लिप-फ्लॉपला माहीत असलेल्या स्थितीत आणून ठेवेल.

साध्या डीचं असं नाही. दोन डी वेगवेगळ्या स्थितींत सुरू केले तरी पहिल्याच एजला दोघे `D` ची किंमत घेतात आणि एक होतात. डी आपला भूतकाळ एका एजमध्ये विसरतो. आपण `Q` चा फीडबॅक एक्सॉरमधून आणून त्याला टी बनवलं, तेव्हा त्याची विसरण्याची क्षमता काढून घेतली. के-मॅपमधल्या त्या कर्णाचा अर्थ हाच होता: `D` ठरवताना `Qn` कुठेच गाळता येत नाही, म्हणून जुनी स्थिती कधीच पुसली जात नाही. सिम्युलेटरमध्ये `Q` सुरुवातीला x असतो. x आणि ० चं एक्सॉर x, x आणि १ चं एक्सॉरही x. तो तसाच फिरत राहतो.

म्हणून टी फ्लिप-फ्लॉपला बाहेरून रीसेट लागतोच, ती सोय म्हणून दिलेली गोष्ट नाही. व्हेरिलॉगमध्ये असं लिहा:

```verilog
module tff (input clk, input rst_n, input t,
            output reg q);
  always @(posedge clk or negedge rst_n)
    if (!rst_n) q <= 1'b0;
    else        q <= t ^ q;
endmodule
```

आणि टेस्टबेंचमध्ये `rst_n` सुरुवातीला खरोखर ० करून मग वर सोडा. अनेक जण रीसेटची ओळ लिहितात पण टेस्टबेंचमध्ये `rst_n` सुरुवातीपासून १ ठेवतात. मग रीसेट कधी होतच नाही, आणि x तसाच राहतो. तुमच्याकडे रीसेट लिहिलेला असूनही x येत असेल तर वेव्हफॉर्ममध्ये `rst_n` ची रेघ बघा, ती एकदा तरी खाली गेलेली दिसली पाहिजे. `t` कधी दिलाच नसेल तर तोही `z` किंवा `x` असेल आणि रीसेट सुटल्यानंतरच्या पहिल्याच एजला `q` पुन्हा बिघडेल, तेही तिथेच दिसेल.

`q <= t ^ q` ऐवजी `if (t) q <= ~q;` लिहिलं तरी `q` चा x जात नाही, x उलटला तरी x च. `initial q = 0;` टाकलं तर सिम्युलेशन चालू होतं, आणि अनेक एफपीजीएमध्ये ती सुरुवातीची किंमत खरोखर लोडही होते. पण हीच गोष्ट 74HC74 मध्ये नाही. वीज आली की तो कुठल्या बाजूला पडेल याची हमी नाही. एखाद्या बोर्डवर तो रोज ० वर उठत असेल, तेवढ्यावर विसंबू नका. आयसी बदलली की १ वर उठू शकेल. क्लिअरचं बटण त्यासाठीच ठेवलंय.

एक चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली आहे: फ्लिप-फ्लॉपऐवजी लॅच वापरणं. 7475 मध्येही `D` आणि `Q` असतात, आकृतीतला चौकोनही जवळपास सारखाच दिसतो. पण लॅच एजवर चालत नाही. एनेबल वर असेपर्यंत तो उघडा असतो आणि `D` सरळ `Q` कडे जात राहतो. आता `T=1` ठेवा. `D` म्हणजे `Q` चा उलट. लॅच उघडा, म्हणून `Q` उलटतो. `Q` उलटला म्हणून `D` उलटतो, म्हणून `Q` पुन्हा उलटतो. लॅचला १५ नॅनोसेकंद आणि एक्सॉरला १० नॅनोसेकंद लागतात असं धरलं तर दर २५ नॅनोसेकंदांनी एक उलट, म्हणजे ५० नॅनोसेकंदांचं एक आवर्तन, २० मेगाहर्ट्झ. एनेबल बंद होईल त्या क्षणी `Q` जिथे असेल तिथे थांबेल.

याचं लक्षण प्रयोगशाळेत असं दिसतं: क्लॉक वर असताना एलईडी पूर्ण पेटत नाही, विझतही नाही, मंद जळते. क्लॉक खाली गेला की कधी पेटलेली राहते, कधी विझलेली. मुलं म्हणतात एलईडी खराब आहे. ती निम्मा वेळ पेटतेय, एवढंच. मंद एलईडी दिसली की आयसीचा नंबर वाचा. याच कारणासाठी रूपांतराच्या प्रत्येक आकृतीत क्लॉकच्या पिनेशी तो छोटा त्रिकोण काढायला मी सांगतो. त्रिकोण नाही, तर एजवर चालणारा नाही, तर हे सगळं गणित लागू नाही. आपण लिहिलेल्या `Qn` आणि `Qn+1` मध्ये एक एज आहे, हे गणिताने गृहीत धरलेलं आहे.

वेगाची मर्यादाही त्याच फीडबॅकच्या वळशातून येते. एज आल्यावर `Q` बदलायला काही वेळ लागतो, तो बदल एक्सॉरमधून जायला आणखी काही, आणि पुढच्या एजच्या आधी `D` काही काळ स्थिर असावा लागतो, त्याला सेटअप वेळ म्हणतात. उदाहरणादाखल १५, १० आणि १२ नॅनोसेकंद धरले तर बेरीज ३७, म्हणजे साधारण २७ मेगाहर्ट्झच्या वर हे सर्किट भरवशाने चालणार नाही. तुमच्या आयसीचे खरे आकडे डेटाशीटमध्ये, तुमच्या व्होल्टेजच्या ओळीत बघा, २ व्होल्टला आणि ४.५ व्होल्टला त्यांत बराच फरक असतो. यात एक गोष्ट सहज निसटते: `T` थेट `D` वर जात नाही, तो एक्सॉरमधून जातो. म्हणून `T` एजच्या १२ नव्हे, २२ नॅनोसेकंद आधी स्थिर झालेला हवा. होल्डची काळजी मात्र फीडबॅकच्या बाजूने करावी लागत नाही. एज आल्यानंतर `D` बदलायला इथे निदान `Q` चा आणि एक्सॉरचा मिळून वेळ जातोच, आणि होल्डला लागणारा काळ त्याहून बराच कमी असतो.

ब्रेडबोर्डवर तुम्ही मेगाहर्ट्झपर्यंत जाणार नाही, तिथे त्रास वेगळाच असतो. क्लॉकसाठी बटण दाबता आणि एलईडी कधी उलटते, कधी नाही. बटणाचे संपर्क दाबल्यावर काही मिलिसेकंद उड्या मारतात. फ्लिप-फ्लॉपला त्यातली प्रत्येक चढती उडी ही एज वाटते. उड्या विषम झाल्या तर उलटलेली दिसते, सम झाल्या तर जणू काही झालंच नाही. क्लिअरच्या बटणालाही तशाच उड्या असतात, पण तिथे त्या जाणवत नाहीत, कारण शून्य केलेल्याला दहा वेळा शून्य केलं तरी ते शून्यच. क्लॉकच्या बटणाला मात्र १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा आरसी द्या, म्हणजे १० मिलिसेकंद, आणि त्याच्यापुढे 74HC14 चं एक श्मिट गेट लावून मग पिन ३ वर जा. श्मिट गेट गाळून नुसता आरसी थेट क्लॉकला जोडू नका. त्याची एज इतकी सावकाश चढते की उंबरठ्यावर रेंगाळताना फ्लिप-फ्लॉप एकाच दाबात पुन्हा दोनदा-तीनदा उलटू शकतो. जोडणी झाली की `T` वर ठेवून बटण वीस वेळा दाबा आणि दर वेळी एलईडी उलटते का बघा. मग `T` खाली करून पुन्हा वीस वेळा दाबा, एलईडी एकदाही हलता कामा नये.